वुजूआधी बिस्मिल्लाह: तीन जईफ सनदी मिळून एक ‘हसन’ हदीस कशी होते?

खाडीपलीकडे

अस्सलामु अलैकुम. प्रश्न फिकहचा नाही, सनदीचा, म्हणजे हदीस कोणी कोणाकडून ऐकली त्या साखळीचा आहे, तेव्हा कृपया मजहबांची भांडणं आणू नका. आमच्याकडे कोकणी शाफई आणि हनफी एकाच हौदावर वुजू करतात आणि दोघांच्याही मते सुरुवातीला बिस्मिल्लाह म्हणणं सुन्नत आहे, राहिली तरी वुजू होतो. पण ‘ज्याने अल्लाहचं नाव घेतलं नाही त्याचा वुजू नाही’ अशी हदीस आहेच. ती अबू हुरैरा, सईद इब्न जैद आणि अबू सईद खुदरी या तिघा सहाबांकडून येते. मी पाहिलेल्या उर्दू तर्जुम्यात तिन्ही सनदींवर ‘जईफ’, म्हणजे कमजोर, असं लिहिलंय, आणि खाली टीप आहे की सगळे तुरुक, म्हणजे सगळ्या वाटा, मिळून हदीस हसन, म्हणजे आधाराला घेण्याजोगी.

शून्यात शून्य मिळवलं तर शून्यच उरतं ना? मग हे हसन आलं कुठून?

एकच_बात

वालैकुम अस्सलाम. सोपं आहे भाई. एक साक्षीदार कच्चा असला तर शंका येते, तीन कच्चे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले की शंका जाते. जितके तुरुक जास्त तितकी हदीस मजबूत. हाच कायदा आहे, यात वाद नाही.

जुनी_वही

एकच_बात, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं धोकादायक आहे. ‘जितके तुरुक जास्त तितकी मजबूत’ हा कायदा असता तर चाळीस हदीसा पाठ करण्याच्या फजीलतवाली रिवायत आज सहीह असती. इमाम नववींनी (मृत्यू ६७६ हिजरी) आपल्या चाळीस हदीसांच्या प्रस्तावनेत ती अली, इब्न मसऊद, मुआज, अबू दरदा, इब्न उमर, इब्न अब्बास, अनस, अबू हुरैरा आणि अबू सईद अशा नऊ सहाबांकडून येते असं सांगितलं, आणि लगेच पुढे लिहिलं की तुरुक इतके असूनही ती जईफ आहे यावर हदीसच्या हाफिजांचं एकमत आहे. नऊ वाटांनी आली आणि तरी उठली नाही.

तेव्हा खाडीपलीकडे यांचा प्रश्न योग्य आहे, फक्त त्यातला ‘शून्य’ चुकीचा आहे. जईफ म्हणजे खोटी नव्हे. जईफ म्हणजे ही रिवायत खरी मानायला जो भरवसा लागतो तो या सनदीत पुरा होत नाही. तो का पुरा होत नाही, यावर सगळं अवलंबून. रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा, प्रामाणिक आहे पण विसराळू आहे, तर शंका एकच: इथे तो चुकला असेल का? दुसऱ्या, वेगळ्या माणसाने स्वतंत्रपणे तेच सांगितलं तर ती नेमकी शंका कमी होते, कारण दोन विसराळू माणसं एकमेकांना न विचारता एकच चूक करतील हे कठीण. सनद मधे तुटलेली असेल, तर शंका ही की गाळलेला माणूस कसा होता. दुसरी वाट त्या माणसाला टाळून आली तर तीही कमी होते. पण रावीवर खोटं बोलण्याचा आरोप असेल, तर दुसऱ्या खोट्याने काय सिद्ध होणार? एकाने दुसऱ्याची चोरली असंच निघतं. रिजालच्या, म्हणजे रावींची पारख करणाऱ्या, किताबांत ‘हदीस चोरायचा’ असा शेरा शब्दशः येतो.

इब्नुस्सलाह (मृत्यू ६४३ हिजरी) यांनी हीच रेघ आखली. काही कमजोरी दुसऱ्या वाटेने भरून निघते, काही निघत नाही. दारकुतनी एखाद्या रावीबद्दल ‘युअतबरु बिही’ म्हणतात तेव्हा त्यांना सांगायचं असतं की हा एकटा आला तर नको, पण जोडीला चालेल. दुसऱ्याबद्दल ‘ला युअतबरु बिही’ म्हणतात, म्हणजे जोडीलाही नको.

पोथीवाला

मी मुस्लिम नाही, हदीस शास्त्रातलं काही कळत नाही, पण जुन्या मराठी पोथ्यांच्या पाठचिकित्सेत गती आहे म्हणून विचारतो. म्हणजे हे बहुमतच झालं ना? दहा पोथ्यांत एक पाठ आणि दोनांत दुसरा, तर दहांचा घ्यायचा?

जुनी_वही

पोथीवाला, बहुमत नाही. आणि तुम्हीही तसं करत नसाल. दहा पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या निघाल्या तर तुम्ही त्या एकच मोजता. इथेही तेच: रावी किती ते नंतर, आधी वाटा खरंच वेगळ्या आहेत का ते. यावर एक जुना संवाद आहे, तो समोर ठेवतो.

नमाजमध्ये मोठ्याने हसलं तर वुजूही तुटतो, अशी एक हदीस आहे. नबी नमाज पढवत होते, एक आंधळा माणूस खड्ड्यात पडला, मागचे काही जण हसले, आणि हसणाऱ्यांनी वुजू आणि नमाज दोन्ही पुन्हा करावं असा हुकूम झाला. ही मुर्सल आहे, म्हणजे ताबिईने, सहाबांच्या पुढच्या पिढीतल्या माणसाने, मधल्या सहाबीचं नाव न घेता थेट नबींचं सांगितलेलं. आणि ती एकाने नाही, अबुल आलिया, हसन बसरी, इब्राहीम नखई आणि जुहरी अशा चौघांनी सांगितली आहे. बसरा, कूफा, मदीना अशा तीन वेगळ्या शहरांची माणसं. वरवर पाहिलं तर याहून भक्कम आधार कोणता?

अली इब्नुल मदीनी (मृत्यू २३४) नेमका हाच मुद्दा घेऊन आपले उस्ताद अब्दुर्रहमान इब्न महदी (मृत्यू १९८) यांच्याशी बोलले. इब्न महदी म्हणाले, ही हदीस एकट्या अबुल आलियाभोवती फिरते. इब्नुल मदीनी म्हणाले, पण हसननेही सांगितली आहे. उत्तर आलं: मला हम्माद इब्न जैदने सांगितलं, त्याला हफ्स इब्न सुलैमान मिनकरीने, की हसनला ती मीच ऐकवली, हफ्सा बिन्त सीरीनकडून, तिने अबुल आलियाकडून. बरं, इब्राहीम? शरीकने अबू हाशिमकडून सांगितलं की इब्राहीमला ती मी ऐकवली, अबुल आलियाकडून. आणि जुहरी? इब्न महदी म्हणाले, जुहरींच्या पुतण्याच्या वहीत मी पाहिलंय: जुहरी, सुलैमान इब्न अरकमकडून, तो हसनकडून. म्हणजे जुहरींची वाट हसनपर्यंत, हसनची अबुल आलियापर्यंत, इब्राहीमचीही तिथेच. चौघांचे झाले किती? एक.

इमाम शाफईंनी (मृत्यू २०४) मुर्सलला दुसरी मुर्सल आधार देऊ शकते असं मान्य केलं, पण अट घातली की दुसरा सांगणारा पहिल्याच्या उस्तादांखेरीज दुसऱ्यांकडून इल्म घेणारा हवा. ती अट का आहे हे या संवादातून कळतं.

एकच_बात

पण हनफी तर हसण्याने वुजू तुटतो असं मानतात. मग त्यांनी चुकीच्या हदीसवर अमल केला का?

जुनी_वही

त्यांच्या उसूलमध्ये भरवशाच्या ताबिईची मुर्सल स्वतःच्या पायावर उभी राहते, तिला दुसऱ्या वाटेचा टेकू लागत नाही. म्हणून त्यांना चार आणि एक यांनी फरक पडत नाही. ते स्वतःच म्हणतात की कियासने, म्हणजे तुलनेच्या तर्काने, वुजू तुटायला नको होता, रिवायत आहे म्हणून मानतो, आणि म्हणूनच रुकू-सजद्याच्या नमाजपुरतंच मानतो, जनाजाच्या नमाजला लावत नाही. विषय वेगळा आहे. धागाकर्त्याने मजहब आणू नका म्हटलंय, इथेच थांबतो.

लष्कर_भागातला

चांगली माहिती. मला शाळेच्या कार्यक्रमात भाषण करायचंय, त्यात ‘इल्म शोधायला चीनपर्यंत जावं लागलं तरी जा’ ही हदीस घ्यायची आहे. कोणीतरी सांगितलं जईफ आहे. पण इल्मच्या इतक्या हदीसा आहेत, तर वरच्या नियमाने ती हसन धरू का?

शिरीन_म

नाही. ‘इल्म शोधणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे’ या तुकड्याच्या वाटा पुष्कळ आहेत आणि मिज्जींसारख्या हाफिजांनी त्या मिळून हसनच्या दर्जाला पोचतात असं म्हटलंय (इमाम अहमदांना तेही मान्य नव्हतं, ते सोडा). पण आधार मिळतो तो जेवढं सामाईक आहे तेवढ्यालाच. चीनचा तुकडा अबू आतिका नावाच्या रावीमुळे येतो, त्याला फार कमकुवत ठरवलंय, आणि इब्न हिब्बान त्या रिवायतीला बातिल म्हणतात. फर्जवाल्या वाटांमध्ये चीन नाहीच, मग त्या चीनला उचलणार कशा? ‘प्रत्येक मुसलमान पुरुष आणि स्त्रीवर’ असं म्हणतात त्यातला ‘स्त्री’ हा शब्दही कुठल्याच वाटेत नाही, सखावींनी लिहून ठेवलंय. अर्थात ‘मुसलमान’ मध्ये बायका आल्याच. भाषणात पहिला तुकडा घ्या, चीन सोडा.

लष्कर_भागातला

चीनशिवाय टाळ्या पडत नाहीत हो. पण ठीक.

खाडीपलीकडे

हसण्याच्या हदीसचं कळलं. आता माझ्या बिस्मिल्लाहकडे या. त्या तीन वाटाही अशाच एका माणसावर येऊन मिळतात का?

जुनी_वही

नाही, आणि हीच तिची खरी ताकद आहे. कागद घ्या, वर तीन सहाबांची नावं लिहा आणि खाली उतरत या.

पहिली वाट, अबू दाऊद, इब्न माजा आणि मुसनद अहमदमध्ये: मुहम्मद इब्न मूसा फितरी, त्यांना याकूब इब्न सलमा लैसी, त्यांना त्यांचे वडील सलमा, त्यांना अबू हुरैरा. यात दोन भोकं. बाप-लेक दोघांची ओळख पक्की नाही. आणि बुखारी म्हणतात की याकूबने बापाकडून ऐकल्याचं माहीत नाही, बापाने अबू हुरैराकडून ऐकल्याचंही माहीत नाही.

दुसरी, तिर्मिजी आणि इब्न माजामध्ये: अब्दुर्रहमान इब्न हरमला, अबू सिफाल मुर्री, रबाह इब्न अब्दुर्रहमान, त्यांची आजी, आजीचे वडील सईद इब्न जैद. इथे अबू सिफाल आणि रबाह यांना अबू हातिम व अबू जुरआ यांनी मजहूल, म्हणजे ओळख नसलेले, म्हटलंय.

तिसरी, इब्न माजा, मुसनद अहमद आणि दारिमीमध्ये: कसीर इब्न जैद, रुबैह, रुबैहचे वडील अब्दुर्रहमान, आजोबा अबू सईद खुदरी. इथला कच्चा दुवा रुबैह. अबू जुरआ त्यांना फक्त ‘शेख’ म्हणून सोडून देतात, इब्न अदी म्हणतात ‘हरकत नसावी अशी आशा’.

आता तिन्ही रांगा आडव्या वाचा. एकही नाव दोनदा येत नाही. कमजोरी कुठली? बहुतेक ठिकाणी ओळख अपुरी आणि एका ठिकाणी सनद तुटण्याची शक्यता. खोटेपणाचा आरोप कुणावर नाही. मजकूर तिन्हीत तोच. म्हणजे वर सांगितलेल्या अटींत ही बसते. इब्न हजर (मृत्यू ८५२) यांनी सगळे तुरुक तपासून लिहिलं की एकूण हदीसांमुळे एक कुव्वत येते, याला काही असल, म्हणजे मूळ, आहे हे दिसतं. मुंजिरीही म्हणतात की एकही वाट बोल लागल्याशिवाय राहिलेली नाही, पण त्या एकमेकींना बळ देतात.

आणखी एक व्यवहारी खूण. इब्न हजरच्या तकरीब या रावींच्या कोशात अबू सिफाल, रबाह आणि रुबैह या तिघांपुढे ‘मकबूल’ लिहिलेलं सापडेल. उर्दू-मराठीत आपण मकबूल म्हणजे पसंत पडलेला असं वाचतो आणि फसतो. प्रस्तावनेत त्यांनी स्वतः सांगितलंय: याच्या हदीसा थोड्या, टाकून द्यावं असं काही ठरलेलं नाही, दुसऱ्याने साथ दिली तर मकबूल, नाहीतर ‘लय्यिन’, म्हणजे मऊ. तो शब्द दिसला की समजायचं, दुसरी वाट शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शिरीन_म

जुनी_वही यांचा कागद बरोबर आहे, निकाल मला मान्य नाही. तीन गोष्टी.

एक, रुबैह. तुम्ही अबू जुरआ आणि इब्न अदी सांगितलेत, बुखारी का गाळले? तिर्मिजींनी विचारलं तेव्हा त्यांनी रुबैहला ‘मुन्करुल हदीस’, म्हणजे ज्याच्या हदीसा नाकारण्यासारख्या, असं म्हटलंय. इतरांच्या तोंडी हा शब्द मध्यम असतो, बुखारींच्या तोंडी तो फार जड आहे. असं ज्याच्याबद्दल म्हणतो त्याच्याकडून रिवायत करणं हलाल नाही, असं त्यांच्याकडूनच नोंदवलेलं आहे. अबू सिफालबद्दलही त्यांनी ‘फीही नजर’, म्हणजे याच्याबद्दल शंका आहे, अशा अर्थाचं म्हटलंय. मग हे दोघे जोडीला तरी चालतील का?

दोन, टीपा लिहिणारे नेहमी पुढे करतात की बुखारींनी सईद इब्न जैदच्या वाटेला ‘या बाबमधली’, म्हणजे या विषयातली, ‘सगळ्यात चांगली’ म्हटलं. अहो, ‘सगळ्यात चांगली’ म्हणजे चांगली नव्हे. वर्गात सगळे नापास, त्यात ३० मार्कवाला पहिला. इमाम अहमद (मृत्यू २४१) यांचं वाक्य तिर्मिजींनी त्याच पानावर दिलंय: या बाबमध्ये चांगली सनद असलेली एकही हदीस मला माहीत नाही. अहमदांना या तिन्ही वाटा ठाऊक होत्या, दोन-तीन तर त्यांच्याच मुसनदमध्ये आहेत. तरी त्यांनी बेरीज केली नाही. बेरीज करणारे बहुतेक सगळे कित्येक शतकांनंतरचे.

तीन, तिन्ही वाटांचे मधले लोक पाहा. फितरी मदिनेचे, इब्न हरमला मदिनेचे, कसीर इब्न जैद मदिनेचे. त्याच मदिनेत नाफे होते, जुहरी होते, हिशाम इब्न उरवा होते, त्यांचे शेकडो शागिर्द होते. रोज पाच वेळा लागणारी गोष्ट, ‘नाहीतर वुजूच नाही’ इतकी मोठी, ती या दिग्गजांपैकी एकाच्याही शागिर्दांकडे नाही, आणि आजी-नातू, बाप-लेक अशा घरगुती सनदींतून तेवढी उरली. नाव आडवं जुळत नाही एवढ्याने मी वाटा स्वतंत्र म्हणणार नाही. मदिनेत एक बोल फिरत होता आणि प्रत्येक घराने तो आपापल्या आजोबाच्या नावावर घातला, असंही होऊ शकतं.

एकच_बात

आपा, हे तर फार झालं. असं म्हटलं तर कुठलीच जईफ हदीस कधीच हसन होणार नाही.

शिरीन_म

होईल. रावीची ओळख असू द्या, सचोटी सिद्ध असू द्या, फक्त हाफिजा, म्हणजे स्मरण, कच्चा असू द्या. आसिम इब्न उबैदुल्लाह घ्या. बनू फजाराच्या एका बाईने चपलांच्या जोडीवर निकाह केला, ती रिवायत त्यांच्या वाटेने तिर्मिजीत आहे. आसिम कमजोर म्हणून सर्वांना माहीत, पण कशाने कमजोर हेही माहीत आहे: हाफिजा. मेहर थोडी असली तरी चालते याला इतर सहाबांच्या हदीसा आहेत, म्हणून तिर्मिजींनी ती वर घेतली. तिथे माझी तक्रार नाही. ओळख नसलेल्याला ओळख नसलेल्याचा आधार, हे मला जड जातं.

जुनी_वही

रुबैहबद्दल बुखारी राहिले हे बरोबर, आणि त्यांचा शब्द जड आहे हेही बरोबर. पण त्याच रुबैहबद्दल अहमदांकडून ‘मारूफ नाही’ असं येतं, म्हणजे त्यांना दोष ओळख नसण्याचा दिसला. थोड्या हदीसांच्या माणसाबद्दल हाफिजांत असा फरक पडला तर मी मधला धरतो.

मदिनेचा मुद्दा तगडा आहे. त्यावर एवढंच: कुठल्याही दोन वाटांबद्दल ‘बोल फिरत असेल’ असं म्हणता येतं. हसण्याच्या हदीसमध्ये इब्न महदींनी कोणी कोणाला ऐकवली ते नावानिशी दाखवलं. इथे तसं कोणी दाखवलेलं नाही.

शिरीन_म

दाखवलं नाही, कारण ज्यांची माहितीच नाही त्यांचं कोण दाखवणार? मजहूल माणसाचा उस्तादही मजहूलच.

खाडीपलीकडे

थांबा, एक शंका. मी हाकिमच्या मुस्तद्रकमध्ये अबू हुरैरावाली वाट सहीह म्हणून दिलेली पाहिली. मग सगळा वाद कशाला?

जुनी_वही

तो नावाचा घोटाळा आहे, आणि अशा कामात सगळ्यात जास्त हेच होतं. हाकिमच्या सनदीत ‘याकूब इब्न अबी सलमा’ असं आलंय. हाकिमनी ते याकूब अल-माजिशून समजून सहीह म्हटलं. खरं नाव ‘याकूब इब्न सलमा’, लैसी, तोच ओळख नसलेला. मधला ‘अबी’ घुसला आणि माणूस बदलला. इब्नुस्सलाह, नववी, जहबी, इब्न हजर सगळ्यांनी हे पकडलंय. तेव्हा हाकिमची वाट चौथी म्हणून मोजू नका, ती पहिलीच आहे.

अबू हुरैराकडून आणखी एक वेगळी वाट दारकुतनी आणि बैहकीत आहे: महमूद इब्न मुहम्मद जफरी, अय्यूब इब्नुन्नज्जार, यह्या इब्न अबी कसीर, अबू सलमा, अबू हुरैरा. वरची दोन-तीन नावं बघून मन हरखतं. पण जफरी मजबूत नाहीत, आणि अय्यूबचं स्वतःचं म्हणणं इब्न मईननी नोंदवलंय की यह्याकडून मी एकच हदीस ऐकली, आदम आणि मूसा यांच्या वादाची. बिस्मिल्लाहची ही दुसरी निघते! म्हणजे दुवा तुटलेला. सनद वाचताना प्रत्येक रावी भरवशाचा आहे का एवढं पाहून थांबलं तर ही गोष्ट हातातून निसटते. या माणसाने त्या माणसाकडून किती घेतलं तेही पाहावं लागतं.

आइशांकडूनही एक आहे, हारिसा इब्न मुहम्मदच्या वाटेने. ती मी आधाराला घेतच नाही. इसहाक इब्न राहवैहच्या जामेत पहिलीच हदीस ती पाहून अहमद चिडले होते की जामेची सुरुवात हारिसाने? सहल इब्न साद यांची इब्न माजातली वाटही अब्दुल मुहैमिनमुळे तशीच.

पोथीवाला

वाचतोय. मला एक समजलं नाही. दुसऱ्या वाटेच्या आधाराला काही ठिकाणी मुताबिअत म्हणतात, काही ठिकाणी शाहिद. एकच ना?

शिरीन_म

सहाबी तोच राहिला तर मुताबिअत, सहाबी बदलला तर शाहिद. बहुतेक जण असंच वापरतात. बिस्मिल्लाहच्या तीन वाटा एकमेकींच्या शाहिद. अय्यूबवाली वाट नीट असती तर ती याकूबवाल्या वाटेची मुताबिअत झाली असती, कारण दोन्ही अबू हुरैरांकडेच जातात. मुताबिअत जितकी खाली, म्हणजे त्याच कच्च्या रावीच्या खांद्याला खांदा लावून आली, तितकी ती त्याच्या चुकीची शंका नेमकी काढते. चंद्राच्या हदीसमध्ये शाफईंनी मालिककडून ‘ढग आले तर तीस पुरे करा’ असं सांगितलं. मालिकचे इतर शागिर्द त्याच जागी ‘अंदाज करा’ म्हणतात, तेव्हा लोकांना वाटलं शाफई एकटे पडले. पण बुखारीत कअनबी त्याच मालिककडून त्याच शब्दांत सांगतात. शाफई सुटले. ही पुरी मुताबिअत.

एकच_बात

मग नसाईतली अनसची हदीस का सोडलीत? ‘बिस्मिल्लाह म्हणून वुजू करा’, आणि सनद तर सगळी सहीह माणसांची: मामर, साबित आणि कतादाकडून, ते अनसकडून. बैहकी म्हणतात तस्मियाबाबत, म्हणजे बिस्मिल्लाह म्हणण्याबाबत, हीच सगळ्यात सहीह. ही एकच शाहिद बाकी तिघांना तारून नेते.

जुनी_वही

चांगली आठवण. पण दोन अडचणी. पहिली, तिच्यात ‘नाहीतर वुजू नाही’ हे नाही. ती बिस्मिल्लाह म्हणण्याला आधार देईल, वुजू न होण्याला नाही. शिरीन आपांनी चीनबद्दल जे म्हटलं तेच.

शिरीन_म

आणि दुसरी मी सांगते, कारण ती जास्त मोठी आहे. तो प्रसंग पाणी कमी पडल्याचा आहे, नबींनी भांड्यात हात ठेवला आणि बोटांतून पाणी वाहिलं. हाच प्रसंग साबितकडून हम्माद इब्न जैद सांगतात, तो बुखारी-मुस्लिममध्ये आहे. त्यात ‘बिस्मिल्लाह’ शब्द नाही. कतादाच्या इतर शागिर्दांकडेही नाही. तो फक्त मामर आणतात. मामर मोठे, पण साबितकडून त्यांच्या रिवायती गोंधळलेल्या असतात असं इब्न मईन म्हणतात, आणि कतादाबाबतही त्यांच्यावर बोल आहे. म्हणजे इथे तुरुक गोळा केले तर हदीस मजबूत होत नाही, उलट तो शब्द एकटा पडतो. दुसऱ्या वाटा शोधायच्या त्या फक्त आधारासाठी नाहीत, हेही कळायला हवं.

जुनी_वही

मामरचा शब्द शाज, म्हणजे इतरांपासून वेगळा पडलेला, म्हणायला मी अजून तयार नाही, त्याच्या बाजूने बोलणारेही आहेत. पण तो पाया म्हणून धरणार नाही, हे मान्य. माझ्या लेखी तीन वाटांची हदीस हसन राहते, अनसची बाजूला.

शिरीन_म

माझ्या लेखी अहमदांचं वाक्य राहतं. आणि म्हणूनच उस्मान किंवा अब्दुल्लाह इब्न जैद यांनी वुजू करून दाखवला त्या सहीह हदीसांत बिस्मिल्लाह नाही, याला मी वजन देते. बुखारींनी वुजूच्या किताबात तस्मियाचा बाब बांधला तेव्हा यातली एकही न घेता, संबंधाआधी म्हणायच्या दुआची इब्न अब्बासची हदीस घेतली, हेही बघा.

खाडीपलीकडे

दोघांचे आभार. म्हणजे टीपेतला ‘मजमुई तौरपर हसन’ हा निकाल नाही, एका बाजूचा कौल आहे, असं समजू का?

जुनी_वही

समजा. आणि अशी टीप पुढच्या वेळी दिसली की चार गोष्टी स्वतः पाहा: प्रत्येक वाटेत नेमकी कमजोरी कुठली, नावं कुठे एकत्र येतात का, कोणी कोणाकडून किती ऐकलं, आणि मजकुराचा कुठला भाग सगळ्यांत आहे. आइशा आणि सहल यांच्या फांद्या मी मुद्दाम अर्ध्या सोडल्या आहेत. सहलच्या वाटेत अब्दुल मुहैमिनला त्याचा भाऊ उबय्य याची साथ तबरानीत मिळते. ती उपयोगाची आहे का, हे आधी तुम्हीच काढून इथे टाका.

एकच_बात

उबय्य तर बुखारीचा रावी आहे ना? मग झालंच!

शिरीन_म

बुखारीत त्याची एकच हदीस आहे, नबींच्या घोड्याबद्दलची. अहमद आणि इब्न मईन त्याच्याबद्दल काय म्हणतात ते वाचून या, मग बोलू.